एकवीस अक्षरांचं नाव पंधरात बसवताना: इंदूरमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

माझी मावसबहीण इंदूरची. जन्म रामबागेतला, आता घर सुदामा नगरात. तिचं नाव इथे देत नाही. "दादा, हँडल लिही, नाव नको," असं तिनेच सांगितलं आहे.

2018 मध्ये तिने इन्स्टाग्रामवर रात्रीच्या सराफ्याची चित्रं टाकायला सुरुवात केली. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगतो. राजवाड्याजवळचा सराफा दिवसभर सोन्या-चांदीचा बाजार असतो. संध्याकाळी दुकानांची शटर्स उतरतात आणि त्याच ओट्यांवर खाण्याच्या गाड्या लागतात. भुट्ट्याचं कीस, खोपरापॅटिस, मावाबाटी, थंडीत गराडू म्हणजे तळलेला कंद. मध्यरात्र उलटून गेली तरी गर्दी हलत नाही. ही तिथे बसून कढया, हात, वाफ, उतरलेली शटर्स असं शाईपेनाने काढते आणि खाली दोन-तीन ओळी मराठीत लिहिते.

हँडल घेतलं ते असं:

```
sarafyat_ratri_barala
```

सराफ्यात रात्री बाराला. हे नाव तिने सुचवून घेतलेलं नाही, घरातलं आहे. तिचे बाबा सिनेमाचा शेवटचा खेळ सुटला की सगळ्यांना सराफ्यात न्यायचे आणि सकाळपासूनच सांगून ठेवायचे, "आज सराफ्यात, रात्री बाराला." बाबा आता नाहीत. त्यामुळे हे नाव तिच्यासाठी खातं उघडायचा पत्ता एवढंच कधीच नव्हतं.

मी स्वतः अनेक वर्षं मासिकांचे मथळे कापायचं काम केलं आहे. मथळा स्तंभात बसत नाही म्हटल्यावर कुठला शब्द जाईल आणि कुठला राहील, हा माझा रोजचा प्रश्न. म्हणून तिने मला विचारलं.

अडचण

2023 च्या हिवाळ्यात तिला ट्विटरवर, म्हणजे तेव्हा नुकतंच एक्स झालेल्या ठिकाणी, खातं उघडायचं होतं. चित्रांखालच्या ओळी वाढत चालल्या होत्या आणि त्या नुसत्याही वाचल्या जाव्यात असं तिला वाटत होतं. इन्स्टाग्रामवर हँडलला 30 अक्षरांची मुभा आहे. एक्सवर फक्त 15, आणि त्यात रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा एवढंच चालतं. तिचं नाव 21 अक्षरांचं. सहा जास्त.

पहिल्या दिवशी तिने मला विचारलंच नाही. पंधरा मोजली, तिथे थांबली आणि हे घेऊन टाकलं:

```
sarafyat_ratri_
```

शेवटी लोंबकळणारी अधोरेषा. तीन आठवडे ती या नावाने लिहीत होती आणि तेवढ्यात दोन गोष्टी लक्षात आल्या. लोक टाइप करताना शेवटची रेघ सोडून द्यायचे, कारण तोंडाने नाव सांगताना ती रेघ येतच नाही. आणि दुव्याखाली निळी रेघ आली की ही रेघ तिच्यात मिसळून दिसेनाशी व्हायची. बघून लिहिणाराही चुकायचा, ऐकून लिहिणाराही चुकायचा. पण तिची खरी तक्रार वेगळी होती. फोनवर म्हणाली, "दादा, बाबांचं वाक्य अर्ध्यात तोडल्यासारखं वाटतं. रात्री, आणि मग काय?"

तिथून हे काम माझ्याकडे आलं.

आधी नाव मोजलं, पण अक्षरांत नाही

यंत्र अक्षरं मोजतं. कान मात्रा मोजतो. म्हणून मी कापाकापीला हात लावायच्या आधी तिला ते नाव मोठ्याने म्हणायला लावलं आणि कागदावर मात्रा मांडल्या. ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन, हा शाळेतलाच हिशेब.

सराफ्यात: एक, दोन, दोन, एक. म्हणजे सहा. रात्री: दोन, दोन. चार. बाराला: दोन, दोन, दोन. सहा.

सहा, चार, सहा. दोन्ही बाजूंना सारखं वजन आणि मधे आखूड. ते नाव तोंडात इतकं बसलेलं का होतं, ते कागदावर असं दिसलं. तिच्या बाबांनी मात्रा मोजून बोललं नसणार, पण घरात टिकून राहिलेल्या वाक्यांना असा तोल पुष्कळदा असतो. आता प्रश्न नुसता "सहा अक्षरं काढा" असा उरला नाही. जे उरेल ते तोल राखून उरायला हवं होतं.

दुसरं पाहिलं ते अर्थाचं. या नावात मराठी कुठे आहे? सराफा हा शब्द हिंदीतही तोच. रात्र आणि बारा समजायला मराठी यावी लागत नाही. मराठी आहे ती "सराफ्यात" मधल्या "त" मध्ये आणि "बाराला" मधल्या "ला" मध्ये. इंदुरात आपल्या गल्लीतले सगळे "सराफे में" म्हणत असताना "सराफ्यात" म्हणणारं घर लगेच ओळखू येतं. म्हणून मी ठरवून टाकलं की गेला तर एखादा आख्खा शब्द जाईल, प्रत्यय जाणार नाहीत. हा पहिला खरा निर्णय होता आणि पुढचं बरंचसं त्यातूनच ठरलं.

कोणते पर्याय होते

सगळ्यात सोपा मार्ग अधोरेषा काढण्याचा. `sarafyatratribarala` झाली 19 अक्षरं. तरीही चार जास्त, म्हणजे तसा हा पर्याय बादच. पण त्यात एक गोष्ट दिसली जी पुढे उपयोगी पडली. "sarafyat" आणि "ratri" चिकटले की मधे "tra" तयार होतं आणि डोळा ते "त्रा" असंच वाचतो. सराफ्या-त्रात्री. मराठीत "त्र" इतका रोजचा आहे की तो दिसला की आपण तो तोडत नाही. त्यामुळे या दोन शब्दांच्या मधली रेघ शोभेची नव्हती, ती तिथे लागतच होती.

मग स्वर गाळण्याचा मार्ग, जो तिच्या भाच्याने सुचवला. `srfyt_rtri_brla` मोजून पंधरा, तिन्ही शब्द शाबूत. कागदावर हुशारीचं वाटतं. पण रोमन लिपीत मराठी लिहिताना मात्रा स्वरांच्या अक्षरांतच असते. "रा" मधला "a" काढला की तिथली दोन मात्रांची जागाच जाते. ऐकायला कसं लागतं ते बघायला आत्याला फोन करून हे अक्षर अक्षर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "औषधाचं नाव आहे का रे?" स्वर गाळणं इंग्रजी शब्दांना थोडंफार सोसतं, कारण तो शब्द छापील रूपात डोळ्यांना पाठ असतो. "सराफ्यात" रोमनमध्ये कुणाच्याच डोळ्यांना पाठ नाही. तो दर वेळी उच्चारूनच वाचावा लागतो, आणि इथे उच्चारायला काही शिल्लकच नव्हतं.

आकड्याचा पर्याय मला स्वतःला दोन दिवस पटला होता. `sarafyat_ratri12` सोळा होतं, रेघ काढली की पंधरा: `sarafyatratri12`. पण "त्रा" ची गाठ परत आली. शिवाय 12 म्हणजे "बारा", "बाराला" नाही. "ला" गेला आणि शेवटच्या सहा मात्रांच्या चार झाल्या. सहा, चार, चार. मोठ्याने म्हणून बघा, वाक्य उतारावरून घसरल्यासारखं संपतं. आणखी एक अडचण अशी की नावाच्या शेवटी आकडा दिसला की लोकांना वाटतं आधीचं नाव कुणीतरी घेतलं होतं म्हणून हा जोडला. हे बारा घड्याळातले आहेत, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

राहिला एक शब्द सोडण्याचा मार्ग. तीन शब्द, म्हणजे तीन शक्यता. "सराफ्यात" काढला तर जागाच गेली, त्यामुळे त्यावर वेळ घालवला नाही. उरल्या दोन:

```
sarafyat_ratri    14
sarafyat_barala   15
```

पहिल्यात एक अक्षर शिल्लक राहतं, दुसरं काठोकाठ बसतं. पहिल्याचा अर्थही सरळ आहे, वाचणाऱ्याला रात्र लगेच कळते. मी आधी त्याच बाजूला होतो. बहीण नव्हती, आणि तिचं म्हणणं मी तिच्याच शब्दांत देतो: "दादा, रात्र आठलाही असते. आठला सराफ्यात सोनार कुलूप लावत असतो. गराडू बाराला असतो."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सराफा आणि बारा एकत्र आले की इंदूरच्या माणसाला रात्र वेगळी सांगावी लागत नाही, दुपारी बाराला तिथे कोण खायला जातं? पण सराफा आणि रात्र म्हटल्याने बारा वाजत नाहीत. जो शब्द उरलेल्या दोघांतून आपोआप निघतो, तोच जायला हवा. "रात्री" गेला. मात्रा बघितल्या तर सहा आणि सहा. मधला आखूड तुकडा गेला, पण दोन्ही पारडी तशीच राहिली. तो पहिला झोका नाही, पण झोका आहे.

काय केलं

इथे आम्ही थांबलो असतो तर काम झालं होतं. मी मात्र एक चाचणी घेतली आणि तिच्यात नवीच अडचण सापडली.

पाच जणांना नुसतं लिहिलेलं `sarafyat_barala` पाठवलं आणि मोठ्याने वाचून त्याचा आवाज परत पाठवायला सांगितलं. दोन इंदूरचे मराठी, एक इंदूरची हिंदीभाषक मैत्रीण, एक पुण्याचा, एक ठाण्याची. इंदूरच्या दोघांनी बिनचूक वाचलं. हिंदीभाषक मैत्रिणीने पहिल्या शब्दावर "शराफत" असं अडखळून मग स्वतःच सुधारलं. पुण्याच्याने वाचलं: "सराफ्यात बरळा."

बरळा. रोमनमध्ये "barala" चं बाराला होतं तसंच बरळाही होतं. गेली पाच वर्षं हे कुणाला दिसलं नव्हतं, कारण आधी "ratri" होता आणि रात्रीच्या पाठोपाठ बाराच येतात. "रात्री" अर्थाला नको होता हे खरं, पण पुढच्या शब्दाचा उच्चार तोच सांभाळत होता. शब्द काढताना त्याचा अर्थ कुठून भरून निघतो ते मी पाहिलं. तो शेजारच्या शब्दासाठी काय करत होता, ते पाहिलं नव्हतं.

उपाय उघड होता: `baarala`, दोन "a". पण तसं केलं की `sarafyat_baarala` सोळा होतं. एक अक्षर कुठून आणायचं? "sarafyat" मध्ये काढण्यासारखं काही नाही. "ph" ऐवजी "f" वापरून तिथली बचत तिने 2018 मध्येच करून ठेवली होती. उरली रेघ.

रेघ काढायची म्हटल्यावर मला "त्रा" ची गाठ आठवली. पण इथे शेजारी "ratri" नव्हता, "baarala" होता. "त" आणि "ब" जोडून तयार होणारं "त्ब" मराठीत कुठल्या रोजच्या शब्दात येतं का, आठवून पाहा. डोळा तिथे आपसूक थांबतो आणि शब्द तुटतो. म्हणजे जी रेघ "ratri" आधी अत्यावश्यक होती, ती "baarala" आधी काढता येत होती. शिवाय एक्सवर हँडलमध्ये मोठी अक्षरं घातली तर ती तशीच दिसतात, आणि शोधताना लहान-मोठ्याचा फरक धरला जात नाही. रेघेचं काम मोठ्या "B" ने केलं, आणि तेही जागा न घेता:

```
SarafyatBaarala
```

पंधरा. तेच पाच जण नको म्हणून नवे चार शोधले. चौघांनीही बाराला वाचलं. नंतर उलटी परीक्षा घेतली, फोनवर नाव सांगून टाइप करायला लावलं. त्यात दोघांनी एकच "a" लिहिला. हे मी नोंदवून ठेवलं, पण तेव्हा त्याला फार महत्त्व दिलं नाही.

काढलेला शब्द पुरता टाकून दिला नाही. एक्सवर हँडलखेरीज वर दिसणारं नाव वेगळं असतं, त्याला 50 अक्षरांची मर्यादा आहे आणि तिथे देवनागरी चालते. तिथे तिने पूर्ण लिहिलं: सराफ्यात रात्री बाराला. काना, वेलांटी, हलन्त वेगवेगळे मोजले तरी हे मधल्या मोकळ्या जागांसकट 22 होतं. म्हणजे वाचणाऱ्याला आधी पूर्ण वाक्य दिसतं आणि त्याखाली त्याचं आखूड रूप. हँडल काय वाचायचं ते वरची ओळच सांगते.

नाव बदलणं खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एका मिनिटाचं काम होतं. जोडलेले लोक तसेच राहिले. आधीच्या तीन आठवड्यांत कुणी जुन्या हँडलने तिचा उल्लेख केला होता ते दुवे मात्र तुटले. मोजकेच होते, म्हणून सोसलं.

एक निर्णय अजून बाकी होता: इन्स्टाग्रामचंही नाव बदलून दोन्हीकडे एकच करायचं का? मी हो म्हणत होतो. ती नाही म्हणाली. सराफ्यातल्या तीन गाड्यांवर तिच्या चित्रांचे स्टिकर आहेत आणि त्यांवर जुनं हँडल छापलेलं आहे. इन्स्टाग्रामवर हँडल बदललं की खात्याचा पत्ता बदलतो, आणि सोडलेलं नाव उद्या दुसरं कुणी घेऊ शकतं. तिथे 30 अक्षरं मोकळी असताना बाबांचं पूर्ण वाक्य आपल्या हाताने का कापायचं, असं तिने विचारलं. तिथे ते तसंच ठेवलं.

पुढे काय झालं

दोन हिवाळे गेले. आखूड नाव रुळलं, आणि ते तोंडात रुळलं. गराडूवाल्या भैयांनी एका रात्री कढईतले तुकडे झाऱ्याने उपसत, वर जीरावन भुरभुरवत पलीकडच्या गिऱ्हाईकाला सांगितलं, "ये बाराला वाली दीदी हैं." त्यांना मराठी येत नाही. "ला" मात्र त्यांनी उचलला. तिने मला त्याच रात्री, साडेबाराला, फोन करून हे सांगितलं.

पण दोन ठिकाणी दोन स्पेलिंगं, ही चूक राहून गेली. इन्स्टाग्रामवर `barala`, एक्सवर `Baarala`. एकीकडून दुसरीकडे येणारा माणूस हमखास एक "a" कमी टाइप करतो आणि त्याला ती सापडत नाही. असे निरोप तिला अजूनही अधूनमधून येतात. फोनच्या चाचणीत दोघे नेमके इथेच चुकले होते. ती सूचना समोर होती आणि मी ती बाजूला ठेवली. दोन्हीकडच्या परिचयात एकमेकांचा दुवा टाकला आहे, त्याने त्रास कमी झाला, थांबला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली गोष्ट, सगळ्यात आखूड मर्यादा आधी बघेन. 2018 मध्ये हँडल घेतानाच एक्सची पंधराची मर्यादा धरून एक आखूड रूप तयार ठेवलं असतं, तर तीन आठवड्यांची ती लोंबकळती रेघ टळली असती आणि स्टिकरवरही तेच छापलं गेलं असतं.

दुसरी, ऐकून लिहिण्याची परीक्षा वाचण्याच्या आधी घेईन. वाचणाऱ्याची चूक वरच्या देवनागरी नावाने भरून निघते. "बरळा" वाचणाऱ्यालाही वर "बाराला" लिहिलेलं दिसतंच. ऐकून टाइप करणाऱ्याला मात्र काहीच आधार नसतो. हे धरलं तर जादा "a" घालण्याचा माझा आग्रह चुकीचा होता असं मला आज वाटतं. `SarafyatBarala`, चौदा अक्षरं, इन्स्टाग्रामशी जुळणारं, आणि वाचण्यातला घोटाळा देवनागरीवर सोपवलेला. तेच घ्यायला हवं होतं.

बहिणीला हे मान्य नाही. ती म्हणते, बाबा "बा" लांबवून म्हणायचे, आणि तो दुसरा "a" त्या लांबवण्याचा आहे. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. हँडल आहे तसंच आहे.